तोच मच्छीमार, तोच स्वार्थ

अर्थशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याशी गेले काही दिवस माझा पत्रव्यवहार चालू आहे. एक उत्तर पाठवलं की तो त्यातूनच पुढचा प्रश्न काढतो. त्याच विषयावर आणखी काही वाचकांनीही विचारलं आहे. सगळे प्रश्न एकत्र घेतो आणि उत्तरांसाठी एकच धंदा निवडतो: मासेमारी. स्वार्थ दुसऱ्याच्या कामी कसा येतो आणि कुठे सगळ्यांच्या मुळावर उठतो, या दोन्ही गोष्टी इथे एकाच माणसाच्या एकाच दिवसात दिसतात.

सर, प्रत्येकाने आपला फायदा बघितला की समाजाचं आपोआप भलं होतं, असं वर्गात शिकवलं. मला ते पटत नाही. ज्याला दुसऱ्याची फिकीरच नाही, त्याच्या हातून दुसऱ्याचं भलं होईल कसं?
— प्रथम वर्षाचा विद्यार्थी

आपोआप काहीच होत नाही, आणि ज्याच्या नावावर हे शिकवलं जातं, त्या अर्थशास्त्राचा पाया घालणाऱ्या अॅडम स्मिथनेही तसं म्हटलेलं नाही. १७७६ च्या त्याच्या ग्रंथात 'अदृश्य हात' एकदाच येतो, आणि आपला फायदा बघणारा माणूस 'पुष्कळदा' समाजाचं हित साधतो, इतकंच तो सांगतो. नेहमी साधतो, असं नाही. तेव्हा कधी साधतो आणि कधी नाही, हाच अभ्यासाचा विषय आहे. तुझी शंका योग्य जागी आली आहे.

आता उदाहरण. १४ जानेवारी १९९७, उत्तर केरळातला वडकऱ्याचा किनारा, सकाळी पावणेआठची वेळ. तारलीने भरलेल्या अकरा होड्या किनाऱ्याला लागलेल्या आणि एकही गिऱ्हाईक नाही. तारली टिकत नाही, ती साठवायची सोय नाही, आणि किनाऱ्यावरचा लिलाव दोन-तीन तासांत आटोपतो. त्या अकराही जणांनी आपला माल फेकून दिला. त्याच वेळी पंधरा किलोमीटरच्या आत, चोंबाला आणि कोयिलांडीच्या किनाऱ्यांवर, सत्तावीस गिऱ्हाइकं किलोला जवळजवळ दहा रुपये द्यायला तयार होती आणि मासळी न मिळाल्यामुळे रिकाम्या हाताने परतत होती. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने या भागातल्या पंधरा किनारी बाजारांची आठवड्यागणिक नोंद ठेवली होती. तिच्यातली ही एक सकाळ.

यात कोणीही दुष्ट नव्हतं आणि कोणी आळशीही नव्हतं. समुद्रातल्या माणसाला कुठे काय भाव चालू आहे हे कळायला मार्ग नव्हता. एका किनाऱ्यावरून दुसरीकडे जाऊन बघायचं, तर डिझेल जळतं आणि तिथे पोचेपर्यंत बाजार उठलेला असतो. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक होडी आपल्या नेहमीच्याच किनाऱ्याला जायची.

त्याच वर्षापासून या किनाऱ्यावर एकेक भाग करत मोबाइल सेवा आली. मनोरे किनाऱ्याजवळ असल्याने वीस-पंचवीस किलोमीटर आतपर्यंत समुद्रात फोन लागायचा. मासळी जाळ्यात आली की होडीवरून चार किनाऱ्यांवरच्या व्यापाऱ्यांना फोन करायचा आणि जिथे भाव चढा, तिकडे सुकाणू वळवायचं, असं सुरू झालं. थोड्याच काळात तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होड्या आपला किनारा सोडून दुसरीकडे माल उतरवू लागल्या. पूर्वी पकडलेल्या मासळीतली ५ ते ८ टक्के फुकट जायची, ते प्रमाण जवळजवळ शून्यावर आलं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येऊ. ज्या मच्छीमाराने होडी वळवली, त्याला कोयिलांडीच्या गिऱ्हाइकांविषयी ममता नव्हती. त्याला चार पैसे जास्त हवे होते. पण ते त्याला तिथेच मिळणार होते जिथे मासळी कमी आणि मागणारे जास्त, म्हणजे जिथे त्याची सगळ्यात जास्त गरज होती. चढा भाव हा त्या गरजेचा निरोप होता आणि बक्षीसही. त्याच्या मनात काय आहे हे बघण्याची कोणाला गरजच पडली नाही. समोरच्याला हवी ती वस्तू दिल्याशिवाय त्याच्या हाती पैसा पडत नव्हता, आणि समोरच्याला ती नको असेल तर पाठ फिरवायची मोकळीक होती. स्वार्थ दुसऱ्याच्या कामी येतो तो या दोन बंधनांमुळे.

जेन्सनचे आकडे मी वाचले. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकांना मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त पडली. मला इथे काहीतरी लबाडी वाटते. एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचा तोटाच ना?
— तोच विद्यार्थी

लबाडी नाही. ही रक्कम कोणाच्या खिशातून आली हे शोधायला तू निघालास, पण ती खिशातून आलेली नाही. ती वडकऱ्याच्या वाळूतून आली. जी मासळी पकडायला डिझेल जळलं, मेहनत झाली आणि जी शेवटी फेकली गेली, ती आता कोणाच्या तरी घरी पोचू लागली. विकण्याजोगी मासळी वाढली म्हणून सरासरी भाव उतरला, आणि फुकट जाणारा हिस्सा विकला गेला म्हणून उतरलेल्या भावातही मच्छीमाराची मिळकत वाढली.

दुसरी गोष्ट थोडी सूक्ष्म आहे. एका किनाऱ्यावर मासळीचा ढीग आणि दुसऱ्यावर दुष्काळ असताना ढिगावरची शेवटची टोपली कवडीमोल असते, कारण तिथे सगळ्यांना पुरेसं मिळालेलं असतं. तीच टोपली दुष्काळी किनाऱ्यावर नेली की तिची किंमत होते. नवीन एकही मासा न पकडता नुसती जागा बदलल्याने मोल तयार होतं.

मात्र कोणाचंच काही गेलं नाही, असं म्हणू नकोस. ढिगाच्या किनाऱ्यावर जवळजवळ फुकटात मासळी उचलणाऱ्या व्यापाऱ्याची ती संधी गेली. भाव सगळीकडे सारखे होऊ लागले की कोणाच्या तरी नशिबातला स्वस्त दिवस संपतो. एकूण बेरीज वाढली म्हणजे प्रत्येकाच्या पदरात जास्त पडलं असं होत नाही, आणि बाजाराची बाजू मांडणाऱ्याने हे लपवू नये.

आमच्या नात्यातले लोक मासेमारीत आहेत. दरवर्षी जाळ्यात मासळी कमी येते अशी सगळ्यांची तक्रार असते, आणि तरीही दरवर्षी नव्या होड्या पाण्यात उतरतात. एवढे व्यवहारी लोक असं का वागतात?
— एक वाचक

ते व्यवहारी आहेत म्हणूनच असं वागतात. साध्या आकड्यांनी बघू. हे आकडे समजावण्यापुरते आहेत, पण सोयीसाठी एवढंच धरू या की एक होडी वर्षभर चालवायचा खर्च ६० आहे, त्यात मालकाची स्वतःची मजुरीही आली.

एका खाडीत १० होड्या आहेत. प्रत्येकीला वर्षाला १०० ची मासळी मिळते. एकूण पकड १०००, खर्च ६००, म्हणजे सगळ्यांचा मिळून निव्वळ फायदा ४००. आता अकरावा माणूस विचार करतो. त्याची होडी आली की मासळी वाटली जाईल आणि प्रत्येकाला १०० ऐवजी ९४ ची मिळेल. तरी ६० खर्चून ९४ मिळणार, म्हणजे ३४ चा फायदा. तो होडी घेतो. त्याच्या जागी मीही घेईन आणि तुम्हीही घ्याल.

पण खाडीच्या बाजूने मोजा. एकूण पकड ११ गुणिले ९४, म्हणजे १०३४ झाली. आधी १००० होती. अकराव्या होडीमुळे समाजाला नवी मासळी मिळाली फक्त ३४ ची, आणि ती मिळवायला खर्च झाला ६०. मग त्या माणसाच्या हाती ९४ कुठून आले? ३४ समुद्रातून आले, आणि उरलेले ६० बाकीच्या दहा जणांच्या जाळ्यांतून, प्रत्येकाकडून ६. त्याने कोणाची चोरी केली नाही आणि कोणाला फसवलं नाही. दहाजणांपैकी कोणालाही आपले ६ कुठे गेले ते सांगता येणार नाही. त्यांना एवढंच दिसेल की यंदा मासळी जरा कमी आली.

हे इथे थांबत नाही. बारावा येतो, तेरावा येतो आणि दरवेळी प्रत्येकाची पकड ६ ने उतरते. सोळा होड्या झाल्या की प्रत्येकीला ६४ मिळतात, ६० खर्च जाऊन ४ उरतात. सतरावीला ५८ मिळतील, म्हणून सतरावा येत नाही. आता हिशेब बघा: १६ होड्यांची एकूण पकड १०२४. सहा होड्या वाढल्या, ३६० चा जादा खर्च झाला, आणि मासळी वाढली अवघी २४ ची. ४०० चा फायदा उतरून ६४ वर आला. हा जो फायदा विरघळून गेला, त्याची मांडणी स्कॉट गॉर्डन या कॅनडाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९५४ साली केली, आणि तेव्हापासून मासेमारीच्या अर्थशास्त्राचा तो पाया आहे.

हा हिशेब फक्त एका वर्षाचा आहे हेही ध्यानात घ्या. आज पकडलेल्या माशाची पिल्लं पुढच्या वर्षी नसतील, हा तोटा यात अजून धरलेलाच नाही.

किनाऱ्यावर भाव बघून होडी वळवणारा आणि खाडीत अकरावी होडी उतरवणारा हा एकच माणूस असू शकतो. त्याचा स्वभाव सकाळी आणि संध्याकाळी बदललेला नाही. किनाऱ्यावर तो ज्याच्याकडून पैसे घेतो त्याला मासळी देतो, आणि त्याची संमती नसेल तर व्यवहार होत नाही. खाडीत तो दहाजणांकडून प्रत्येकी ६ घेतो, त्यांना काहीच देत नाही आणि त्यांना कोणी विचारतही नाही. डिझेलची किंमत त्याला मोजावी लागते, म्हणून तो डिझेल जपून वापरतो. पाण्यातल्या माशाची किंमत त्याला मोजावी लागत नाही.

पण सर, भाव निरोप देतो असं तुम्हीच म्हणालात. मासे कमी झाले की भाव वाढेल, लोक कमी खातील, मासेमारी कमी होईल. मग हे आपलं आपण सावरायला नको का?
— तोच विद्यार्थी

हा प्रश्न विचारलास याचा मला मनापासून आनंद झाला, कारण इथेच हुशार माणसंही घसरतात.

भाव वाढला की खाणारा हात आखडतो, हे बरोबर. पण पकडणाऱ्याला तोच भाव उलटं सांगतो. आपल्या खाडीत मासळीचा भाव दीडपट झाला, तर ५८ ची पकड ८७ ची होते आणि ६० खर्चून सतरावी होडी परवडते. एरवी बाजारात हेच आपल्याला हवं असतं: टंचाई आली की भाव चढावा आणि माल वाढावा. कारखान्यात तयार होणाऱ्या वस्तूला हे लागू पडतं, कारण चढ्या भावाने नवी वस्तू तयार होते. समुद्रात चढ्या भावाने नवे मासे जन्माला येत नाहीत, उरलेल्यांच्या मागे जास्त होड्या लागतात.

टिकणाऱ्या धान्याचा व्यापारी पुढे भाव चढेल असं दिसलं तर आज माल राखून ठेवतो. नफ्यासाठीच ठेवतो, पण त्यामुळे टंचाईच्या महिन्यांसाठी काही शिल्लक राहतं. त्याला हे करता येतं कारण कोठाराला कुलूप आहे. मच्छीमाराने आज मासा सोडला तर तो उद्या दुसऱ्याच्या जाळ्यात जाणार. राखून ठेवण्यात त्याचा काहीच फायदा नाही, म्हणून तो राखत नाही.

याचा शेवट कसा होतो ते कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्याने दाखवलं. कॉड माशासाठी तिथे शतकानुशतकं जाळी पडत होती. १९६८ साली तिथल्या उत्तरेकडच्या कॉडची पकड सुमारे आठ लाख टनांवर गेली, त्यातला मोठा वाटा परदेशी ट्रॉलरांचा. १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांपर्यंत आपला हक्क सांगितला आणि परदेशी ताफे बाहेर काढले. मग त्यांची जागा देशी ट्रॉलरांनी घेतली. २ जुलै १९९२ रोजी सरकारने ही मासेमारी बंद केली. सुमारे तीस हजार माणसांचा रोजगार एका घोषणेत गेला. बंदी दोन वर्षांसाठी म्हणून घातली होती, ती उठली २०२४ मध्ये, आणि तीही वर्षाला १८,००० टनांची मर्यादा घालून.

संकट येत आहे हे आधी का कळलं नाही? खरं तर काहींना कळलं होतं. किनाऱ्याजवळ छोट्या होड्यांनी मासेमारी करणारे १९८० च्या दशकात सांगत होते की मासे कमी झाले आणि लहान आकाराचे येऊ लागले. पण साठ्याचा अंदाज बांधताना मोठ्या ट्रॉलरांना तासाला किती मासळी मिळते या आकड्यावर बराच भर होता, आणि तो आकडा घसरत नव्हता. कॉड कमी झाले की उरलेले दाटीने एकत्र येतात आणि ध्वनिलहरींच्या यंत्राने ट्रॉलरला तो थवा नेमका सापडतो. शेवटच्या थव्यापर्यंत जाळं भरूनच वर येत राहतं.

म्हणून एखाद्या ठिकाणची मासेमारी ठीक चालली आहे का हे बघायचं असेल, तर जाळं टाकल्यावर काय आलं एवढंच विचारू नये. जाळं टाकण्याआधी किती फिरावं लागलं, किती लांब जावं लागलं, मासा किती वयाचा आणि किती मोठा आला, हे विचारावं. भाव आणि पकड दोन्ही चांगले असतानाही साठा संपत आलेला असू शकतो.

यात एवढं अवघड काय आहे? सरकारने वर्षाला अमुक टन असं ठरवावं आणि तेवढे पकडून झाले की बंद करावं.
— एक निवृत्त अधिकारी

अलास्काच्या समुद्रात हॅलिबट माशाच्या बाबतीत हेच केलं गेलं. दरवर्षी एकूण मर्यादा ठरवायची, ती भरली की हंगाम संपला. मासा पुष्कळ अंशी टिकला, पण पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे.

मर्यादा सगळ्यांची मिळून होती, कोणा एकाची नव्हती. त्यामुळे ती संपण्याआधी जास्तीत जास्त आपल्या होडीत ओढणं हाच प्रत्येकाचा हिशेब झाला. लोकांनी मोठ्या आणि वेगवान होड्या घेतल्या. मर्यादा लवकर भरू लागली म्हणून हंगाम छोटा केला. हंगाम छोटा झाला म्हणून आणखी घाई. १९९० च्या सुमारास मुख्य भागांत वर्षभराचा हंगाम चोवीस-चोवीस तासांच्या दोन-तीन खेपांवर येऊन ठेपला. त्या दिवशी वादळ असलं तरी निघायचं, कारण दुसरा दिवसच नाही. माणसं बुडाली. शेकडो गळ लावलेल्या दोऱ्या ओढून घ्यायला वेळ उरला नाही की त्या तशाच समुद्रात सोडल्या जायच्या, आणि तिथे त्या मासे मारत राहायच्या. वर्षाचा सगळा माल एकदम बंदरात यायचा, ताजा विकला जाणं शक्यच नसायचं, म्हणून बहुतेक गोठवला जायचा आणि भाव पडायचा.

१९९५ साली नियम बदलला. एकूण मर्यादेतला ठरावीक टक्के हिस्सा प्रत्येक होडीमालकाच्या नावे केला. त्याने तो हंगामात केव्हाही पकडावा, नको असेल तर विकावा. हंगाम लगेच सुमारे आठ महिन्यांचा झाला. आपला हिस्सा कोणी पळवणार नाही म्हटल्यावर वादळात निघायचं कारण उरलं नाही. ताजा मासा महिनोन्महिने बाजारात येऊ लागला आणि त्याला भावही बरा मिळाला. हिस्सा टनांत नसून टक्क्यांत आहे, म्हणून साठा वाढला की प्रत्येकाचे टन वाढतात. मर्यादा जपून ठरवावी असं आता मच्छीमारालाही वाटू लागतं.

म्हणजे तुमचा उपाय चुकीचा नाही, अपुरा आहे. किती पकडायचं हे सरकारला ठरवता आलं, पण कोणी पकडायचं हे मोकळं सोडल्यावर त्या मोकळ्या जागेत शर्यत शिरली. शिवाय 'किती' ठरवतानाही चूक होऊ शकते. न्यूफाउंडलंडमध्ये १९७७ नंतर मर्यादा सरकारच ठरवत होतं. साठ्याचा अंदाज फुगलेला होता, आणि आकडा खाली आणला तर रोजगार जाणार हे दडपण मोठं होतं.

हिस्से विकायची मुभा दिली की पैसेवाले ते विकत घेणार आणि समुद्र चार लोकांचा होणार. याला तुम्ही सुधारणा म्हणता?
— एक वाचक

तुमचा राग मला रास्त वाटतो. अलास्कात हिस्से आधीच्या वर्षांच्या पकडीवरून होडीमालकांना फुकट दिले गेले. त्याच होड्यांवर वर्षानुवर्षं राबलेल्या खलाशांना काही मिळालं नाही. होड्यांची संख्या घटत गेली, म्हणजे होडीवरची कामंही घटली. नव्या तरुणाला या धंद्यात यायचं तर आता होडीबरोबर हिस्साही विकत घ्यावा लागतो, आणि तो महाग असतो. एका व्यक्तीकडे किती हिस्सा असावा याला तिथे कमाल मर्यादा आहे आणि पुष्कळ हिस्सेदारांना स्वतः होडीवर हजर राहावं लागतं, म्हणून तुम्ही म्हणता तेवढं टोक गाठलं गेलं नाही. आइसलंडने हिश्श्यांच्या मालकांकडून मासेमारीचं शुल्क घेण्याचा कायदा २००२ मध्ये केला. तो मासा सगळ्या लोकांचा आहे, हे त्यामागचं तत्त्व.

नासाडी थांबवणं आणि वाटणी न्याय्य करणं ही दोन वेगळी कामं आहेत. हिश्श्यांनी पहिलं केलं. दुसरं करायला सुरुवातीचं वाटपच वेगळं करावं लागतं, आणि ते एकदा होऊन गेलं की बदलणं फार कठीण जातं, कारण तोवर ज्याने पूर्ण किंमत देऊन हिस्सा विकत घेतला तो समोर उभा असतो.

सर, म्हणजे एक तर मालकी द्या, नाही तर सरकारचा दंडुका. माणसं आपसात बोलून हे सोडवू शकत नाहीत का? की स्वार्थी माणसांकडून ती अपेक्षाच चूक आहे?
— तोच विद्यार्थी

सोडवू शकतात, आणि त्यासाठी स्वार्थ सोडावा लागत नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जन्मभर हेच अभ्यासलं. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

त्यांनी पुढे आणलेलं तुर्कस्तानातल्या अलान्याचं उदाहरण मला फार आवडतं. तिथे सुमारे शंभर मच्छीमार छोट्या होड्यांवर काम करत. चांगल्या जागांवरून भांडणं आणि मारामाऱ्या व्हायच्या. १९७० च्या दशकात त्यांनी बऱ्याच प्रयोगांनंतर एक पद्धत बसवली. दर सप्टेंबरात पात्र मच्छीमारांची यादी करायची. मासेमारीच्या सगळ्या जागांना नावं होती, आणि एकाच्या जाळ्याने दुसऱ्याचा मासा अडू नये इतकं अंतर ठेवून त्या नक्की केलेल्या. मग चिठ्ठ्या टाकून कोणी कुठून सुरुवात करायची ते ठरायचं. सप्टेंबर ते जानेवारी प्रत्येकाने रोज एक जागा पूर्वेकडे सरकायचं, जानेवारीनंतर रोज एक जागा पश्चिमेकडे. मासे किनाऱ्याने स्थलांतर करतात, त्यामुळे चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला आळीपाळीने येते.

देखरेखीला कोणी नेमावा लागत नाही. उत्तम जागेची आपली पाळी ज्या दिवशी असेल, त्या दिवशी मच्छीमार पहाटेच तिथे हजर असतो. दुसरा कोणी घुसला असेल तर तो लगेच पकडला जातो, आणि बाकीचे ज्याची पाळी आहे त्याच्या बाजूने उभे राहतात, कारण उद्या त्यांचीही पाळी येणार असते. नियम पाळला जातो तो ज्याच्या त्याच्या फायद्यासाठी. त्यांनी स्वार्थाची कड बदलली. पूर्वी घुसण्यात फायदा होता, आता राखण करण्यात आहे.

याच्या मर्यादाही समजून घे. या पद्धतीने जागांची भांडणं मिटली, पण एकूण होड्या किती असाव्यात हे तिने ठरवलं नाही. आपल्या खाडीतला अकरावा माणूस तिने अडवला नसता. आणि हे जमलं ते माणसं शंभर होती, एकमेकांना ओळखत होती, रोज दिसत होती म्हणून.

मासा देशोदेशींच्या हद्दी ओलांडू लागला की हे फार अवघड होतं. ईशान्य अटलांटिकातला मॅकरल, म्हणजे बांगड्याच्या कुळातला मासा, २००७ च्या सुमारापासून मोठ्या संख्येने आइसलंडच्या पाण्यात येऊ लागला. आइसलंड आणि फॅरो बेटांनी आपापल्या मर्यादा स्वतःच जाहीर केल्या. नॉर्वे आणि युरोपीय संघ आपला जुना वाटा सोडायला तयार नव्हते. प्रत्येकाचा दावा त्याच्या त्याच्या जागी समजण्यासारखा होता, पण सगळ्यांची बेरीज शास्त्रज्ञांनी सुचवलेल्या आकड्याच्या वर जात राहिली. २०१९ मध्ये या मॅकरलचं शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र स्थगित झालं. इथे अकरावी होडी म्हणजे एक आख्खा देश आहे, आणि त्याला चिठ्ठी उचलायला लावेल असं त्याच्या वर कोणी नाही.